आकडे एक्सेल वाचतं, नजर पावतीवर

हिशेबात २७० रुपयांचा फरक आला की मुरलेला कारकून आधी एकच गोष्ट बघतो : नऊनं भाग जातो का? २७०ला जातो. मग शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट पडले असण्याची शक्यता मोठी. ३५८०चे ३८५० झाले, तर फरक बरोबर २७०चा येतो. युक्ती नामी आहे, पण चूक असावी आणि ती अमुक जातीची असावी, एवढंच ती सांगते. ती कुठल्या ओळीत आहे हे शोधायला पावतीपुस्तक एका बाजूला आणि संगणकाचा पडदा दुसऱ्या बाजूला ठेवून मान वळवत बसावंच लागतं.

या मान वळवण्यातच गोम आहे. कागदावरचा आकडा डोक्यात धरायचा, नजर पडद्यावर न्यायची, तिथली नेमकी ओळ शोधायची आणि जुळवायचं. तेवढ्यात डोक्यातला आकडा ढिला होतो आणि पडद्यावर जे आहे तेच आपण कागदावर वाचलं होतं असं वाटायला लागतं. स्वतः टाइप केलेली यादी स्वतःच तपासताना तर हे हमखास होतं. म्हणून पूर्वी हे काम दोघांत वाटलेलं असे. एकानं खतावणीतले आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं मूळ पावत्यांवरची नजर न हलवता पेन्सिलीनं टिक मारत जायचं. छापखान्यातही मुद्रितं तपासताना एकजण मूळ प्रत वाचून दाखवी. डोळ्याला एकच जागा आणि दुसरी बाजू कानाकडे, ही त्या पद्धतीची खरी ताकद होती.

आज ऑफिसात वाचून दाखवायला दुसरा माणूस मोकळा नसतो. पण वाचणाऱ्याचं काम एक्सेल करू शकतं आणि तेही बऱ्याच वर्षांपासून. २००१ साली आलेल्या ऑफिस एक्सपीमधल्या एक्सेल २००२मध्ये सेल वाचून दाखवणारी बटणांची एक छोटी पट्टी होती. २००७च्या आवृत्तीत मेनू जाऊन वर रिबन आली, तेव्हा या बटणांना रिबनवर जागाच मिळाली नाही. सोय काढून टाकलेली नाही, फक्त माळ्यावर टाकलेली आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्या अनेकांच्या ती कधी नजरेलाच पडत नाही.

ती खाली काढायला दोन मिनिटं पुरतात. पुढची माहिती विंडोज संगणकावर बसवलेल्या एक्सेलची आहे. `File` मध्ये जाऊन `Options` उघडायचं आणि डावीकडच्या यादीत `Quick Access Toolbar` निवडायचं. तिथं `Choose commands from` अशी खाली उघडणारी यादी आहे, तिच्यात `Commands Not in the Ribbon` निवडलं की रिबनवर नसलेल्या आज्ञांची लांबलचक यादी वर्णानुक्रमे समोर येते. एस अक्षरापर्यंत खाली गेलं की पाच नावं एकत्र सापडतात : `Speak Cells`, `Speak Cells - Stop Speaking Cells`, `Speak Cells by Columns`, `Speak Cells by Rows` आणि `Speak Cells on Enter`. एकेकावर क्लिक करून `Add` दाबायचं, शेवटी `OK`. पाचही बटणं खिडकीच्या वरच्या पट्टीवर येऊन बसतात. पहिलं वाचन सुरू करतं, दुसरं थांबवतं. पुढची दोन वाचनाची दिशा ठरवतात, आडवी ओळ की उभा रकाना. पाचव्याकडे नंतर येऊ. बटण पट्टीवर ज्या क्रमांकावर असेल, तो आकडा `Alt` बरोबर दाबला तरी चालतं. म्हणून वाचन सुरू आणि वाचन बंद ही दोन बटणं पट्टीत पहिली-दुसरी ठेवावीत. तपासताना माउस शोधत बसण्यापेक्षा `Alt+1` आणि `Alt+2` हाताला पटकन सापडतात.

आवाज एक्सेलचा स्वतःचा नसतो, विंडोजचा असतो. त्यामुळे त्याचा वेग एक्सेलमध्ये बदलता येत नाही. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये `Speech Recognition` उघडून डाव्या बाजूच्या `Text to Speech` वर जावं लागतं. तिथं आवाजांची यादी असते आणि वेगाची सरकपट्टी. वेग सुरुवातीला नेहमीपेक्षा जरा कमी ठेवावा. बहुतेकजण उलट करतात. काम लवकर उरकावं म्हणून पट्टी उजवीकडे सरकवतात, चार-पाच आकड्यांतच हात मागे पडतो, मग थांबवा, मागे जा, पुन्हा ऐका. हळू वाचलेली यादी शेवटी लवकर संपते.

आता एक उदाहरण घेऊ. सात मजली सोसायटी, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट, १०१ ते ७०४, एकूण अठ्ठावीस. तिमाहीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या फाडून झाल्या आहेत. पार्किंग आणि पाण्यामुळे प्रत्येकाची रक्कम थोडी वेगळी आहे. खजिनदारांनी पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती बघून पहिल्या रकान्यात फ्लॅट क्रमांक आणि दुसऱ्यात रक्कम टाइप केली. स्थळप्रतींची कॅल्क्युलेटरवरची बेरीज १,०२,३४० आली, एक्सेलची बेरीज १,०२,६१०. फरक तोच, २७०.

तपासायचं कसं? फक्त रकमांचा रकाना निवडून वाचून घ्यावा, असा मोह होतो. तसं करू नये. नुसत्या रकमा ऐकताना एक पावती उलटायची राहिली की पुढचं सगळं एका घरानं सरकतं आणि ते कळायला दोन-तीन रकमा जातात. म्हणून पहिल्या सेलपासून शेवटच्या रकमेपर्यंत, म्हणजे `A2:B29` हा पूर्ण भाग निवडायचा, `Speak Cells by Rows` दाबून दिशा आडवी करायची आणि मग `Speak Cells`. आता एक्सेल आधी फ्लॅट क्रमांक सांगतं, मग रक्कम. क्रमांक ऐकून योग्य पावतीवर बोट येतं आणि रक्कम ऐकून टिक पडते. भाग न निवडता एखाद्याच सेलवर क्लिक करून बटण दाबलं, तर आजूबाजूच्या भरलेल्या सेल एक्सेल आपण होऊन निवडतं. मग शीर्षकं, बेरीज, शेजारच्या रकान्यातला शेरा, सगळंच वाचायला घेतं. त्यापेक्षा आपणच आखून दिलेलं बरं.

आणि मुख्य पथ्य : वाचन चालू असताना पडद्याकडे बघायचंच नाही. एक्सेल वाचत असलेली सेल पडद्यावर उठून दिसत जाते, डोळा तिकडे ओढला जातो. पण पडद्यावर ३८५० बघत कानानं ३८५० ऐकलं तर काय तपासलं? संगणकाला वाचता येतं एवढंच. मॉनिटर थोडा बाजूला वळवून ठेवणं हा यावरचा साधा उपाय.

खजिनदार ऐकत गेल्या. ३०२ नंतर आवाज आला तीन हजार आठशे पन्नास, बोटाखालच्या पावतीवर ३५८०. `Alt+2`. वाचन थांबलं, ओळ सापडली, रक्कम सुधारली. बेरीज लगेच १,०२,३४० झाली, ताळा जमला. इथं थांबायचा मोह फार मोठा असतो, कारण कागदाची आणि संगणकाची बेरीज पैशापर्यंत जुळलेली असते. त्या थांबल्या नाहीत, उरलेली यादीही ऐकली. ६०२ला आवाज म्हणाला तीन हजार सहाशे चाळीस, पावतीवर होते ३४६०. आणि ६०४ला ऐकू आले ३४६०, पावतीवर ३६४०. दोन शेजाऱ्यांच्या रकमा एकमेकांच्या नावावर चढल्या होत्या. एकाच्या खात्यात १८० रुपये जास्त, दुसऱ्याच्या खात्यात तेवढेच कमी. बेरजेत या चुकीचा मागमूस नव्हता आणि नऊच्या युक्तीला ती कधीच सापडली नसती. ती कळली असती ती थेट थकबाकीची नोटीस गेल्यावर, जिन्यात. बेरीज जुळते म्हणून नोंदी बरोबर, हा समज हिशेबात जितका पक्का तितकाच तकलादू आहे आणि एकेक ओळ ऐकण्याचा खरा उपयोग इथंच आहे.

कानाच्याही स्वतःच्या चुका असतात. आवाज बहुधा इंग्रजी असतो आणि इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी, सिक्स्टीन आणि सिक्स्टी यांत फरक शेवटच्या टोकाचा. साध्या स्पीकरवर, पंखा चालू असताना, १५ आणि ५० एकच वाटू शकतात. शाळेतल्या गुणपत्रकांसाठी ही मोठीच पंचाईत आहे, कारण तिथले आकडे नेमके याच टप्प्यातले असतात. हेडफोन लावल्यानं बराच फरक पडतो आणि शेजारच्या टेबलावरची कुरकुरही टळते. तरीही शंका राहत असेल तर एक-एक अंक सुटा वाचून घेता येतो. बाजूच्या मोकळ्या रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढायचं आणि मूळ रकमेऐवजी तो रकाना ऐकायचा :

```
=TRIM(TEXT(B2,"# # # # # 0"))
```

३५८० असेल तर सेलमध्ये `3 5 8 0` असं सुटं दिसतं आणि तसंच ऐकू येतं. सूत्रात सहा अंकांपर्यंत सोय आहे, त्याहून मोठी रक्कम असेल तर आणखी `#` वाढवायचे. पूर्ण रुपयांसाठी हे चालतं. पैसे असतील तर शेवटी `0.00` लिहावं, नाहीतर ते गोळाबेरीज होऊन जातील. स्वल्पविरामांचीही एक अडचण आहे. आपल्या पद्धतीनं `1,25,000` असं लाखात तोडलेलं दिसत असेल आणि आवाज परदेशी वळणाचा असेल, तर तो हजाराच्या हिशेबानं वाचू बघतो. एका सेलवर आधी ऐकून बघावं. तुकड्या-तुकड्यानं वाचत असेल तर तपासण्यापुरते स्वल्पविराम काढून ठेवावेत. तेव्हाही लाख ऐकू येणार नाही, हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड ऐकू येईल. मोठ्या रकमांचं काम रोजचं असेल तर सुट्या अंकांचा रकाना जास्त सोयीचा, कारण अंकाला अंक जुळवताना मनातल्या मनात सव्वा लाखाचं भाषांतर करावं लागत नाही.

नावांचं काय? देवनागरीत लिहिलेली नावं इंग्रजी आवाजाला वाचता येत नाहीत. आवाजांच्या यादीत हिंदी आवाज दिसत असेल तर तो निवडून बघावा. लिपी एकच असल्यानं मराठी नावं तो हिंदी वळणानं का होईना, उच्चारतो. तो नसेल तर नावांचा रकाना वाचायला देऊच नये. ओळ ओळखायला फ्लॅट क्रमांक, हजेरी क्रमांक किंवा पावती क्रमांक पुरतो. नावं एकदा डोळ्यांनी बघून घ्यावीत. नावातली चूक डोळ्याला खटकते, आकड्यातली खटकत नाही.

पाचवं बटण, `Speak Cells on Enter`, वेगळ्या जातीचं आहे. ते दाबून ठेवलं की प्रत्येक नोंद टाइप करून `Enter` दाबताच ती लगेच वाचली जाते. न बघता टाइप करणाऱ्याला हे आवडतं, कारण नजर कागदावरून हलवावीच लागत नाही. बोट घसरून ३५८०चे ३५८ झाले तर तिथल्या तिथं कळतं. पण मला विचाराल तर याला तपासणी म्हणू नये. आपण नुकताच जो आकडा मनात म्हणत टाइप केला, तोच कानावर येतो. पावतीवरचा पुसट १ आपण ७ वाचला असेल, तर बोटंही ७ टाइप करतात, आवाजही ७ म्हणतो आणि मन खूश होतं. पूर्ण यादी टाइप झाल्यावर, मध्ये चहा घेऊन, पहिल्या ओळीपासून नव्यानं ऐकली तर पावतीवरचा तोच अंक ताज्या नजरेनं बघितला जातो. शक्य असेल तर टाइप करणारा एक आणि ऐकत पावत्या बघणारा दुसरा असावा. दोघांनी एकाच वेळी बसायची मात्र आता गरज नाही.

रिकामी सेल ही आणखी एक फट. जिथं काही लिहिलेलंच नाही तिथं वाचायलाही काही नाही, त्यामुळे आवाज सरळ पुढच्या भरलेल्या सेलवर जातो. फ्लॅट क्रमांक बरोबर घेतलेला असेल तर लागोपाठ दोन क्रमांक ऐकू येतात आणि फट लक्षात येते. नुसत्या रकमा ऐकत असाल तर नाही. रक्कम आली नसेल तिथं शून्य टाइप करायची सवय लावणं हा उत्तम इलाज. थोडी मॅक्रोची ओळख असणाऱ्यांना याहून चांगली सोय करून घेता येते. `Alt+F11` दाबून `Insert` मधून `Module` घ्यायचं आणि हे लिहायचं :

```vba
Sub Vacha()
    Dim c As Range
    For Each c In Selection
        c.Activate
        If c.Text = "" Then
            Application.Speech.Speak "blank"
        Else
            Application.Speech.Speak c.Text
        End If
        Application.Wait Now + TimeValue("00:00:01")
    Next c
End Sub
```

भाग निवडून `Alt+F8` दाबलं की यादीतून `Vacha` चालवता येतं. रिकाम्या सेलला ते ब्लँक म्हणतं आणि प्रत्येक सेलनंतर साधारण एक सेकंद थांबतं, म्हणजे पावती उलटायला सवड मिळते. फाइल जपून ठेवायची असेल तर `.xlsm` या प्रकारात साठवावी, नाहीतर मॅक्रो त्यात राहत नाही. बटणांवर काम भागत असेल तर या वाटेला जायची गरज नाही.

काही चुका कितीही लक्ष देऊन ऐकलं तरी सापडत नाहीत. एक्सेल सेलमध्ये दिसतं ते वाचतं, आत दडलेलं नाही. सेलमध्ये ३५८०.४० असून पैसे न दाखवण्याची मांडणी असेल, तर कानावर ३५८० येतं आणि बेरजेत मात्र चाळीस पैसे जमा होत राहतात. एखादी रक्कम आकडा म्हणून न बसता मजकूर म्हणून बसली असेल, म्हणजे आधी अवतरणचिन्ह लागलं असेल किंवा दुसरीकडून चिकटवताना तशी आली असेल, तर ती ऐकायला अगदी तशीच असते, पण `SUM` तिला मोजत नाही. अशी रक्कम सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसते आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो. ऐकताना सगळं जुळलं आणि तरी बेरीज कमी येत असेल, तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा.

सूत्राचीही तीच गत. बेरजेच्या सेलमधलं उत्तर वाचलं जातं, सूत्र नाही. `=SUM(B2:B28)` लिहून शेवटचा ७०४ क्रमांकाचा फ्लॅट बेरजेबाहेर राहिला असेल, तर आवाज चुकीची बेरीज तितक्याच ठामपणे वाचून दाखवेल. हार्वर्डमधले अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१०च्या गाजलेल्या निबंधात नेमकी या जातीची चूक होती. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ती २०१३मध्ये उघड झाली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं मूळ एक्सेल फाइल मागवून बघितल्यावर. त्या फाइलमधले सगळे आकडे मोठ्यानं वाचून घेतले असते तरी ही चूक ऐकू आली नसती. सूत्रासाठी सेलवर क्लिक करून `F2` दाबायचं आणि रंगीत चौकट कुठून कुठपर्यंत जाते ते डोळ्यांनीच बघायचं.

तारखांना मात्र थोडी मांडणी बदलून कानानं पकडता येतं. `05-03-2025` म्हणजे पाच मार्च की तीन मे, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं आणि आकडे ऐकून त्याचा उलगडा होत नाही. तारखांचा रकाना निवडून `Ctrl+1` दाबायचं, `Custom` मध्ये `dd-mmm-yyyy` लिहायचं. आता सेलमध्ये `05-Mar-2025` किंवा `03-May-2025` दिसेल आणि महिन्याचं नाव ऐकू येईल. मांडणी बदलूनही एखादी तारीख जशीच्या तशी राहिली, तर ती तारीख नसून मजकूर आहे, हेही त्याच फटक्यात कळतं.

बँकेच्या खाते क्रमांकांनाही वेगळी वागणूक लागते. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी क्रमांक आकडा म्हणून टाइप केला तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येतं. सेलची रुंदी आणि मांडणी नेहमीची असेल तर `1.23457E+11` सारखं काहीतरी दिसतं आणि तसलंच अगम्य ऐकू येतं. असा रकाना टाइप करण्याआधीच `Text` प्रकारचा करून ठेवावा आणि क्रमांक चार-चार अंकांच्या गटात, मध्ये जागा सोडून लिहावा. गट वेगळे ऐकू आले की पासबुकाशी जुळवणं सोपं जातं. बँकेच्या संकेतस्थळावर चढवायची फाइल असेल तर तपासून झाल्यावर `SUBSTITUTE` सूत्र वापरून त्या जागा काढून टाकाव्यात.

सुधारणा केल्यावर पूर्ण यादी पुन्हा ऐकायची गरज नाही. `Ctrl` दाबून धरून फक्त बदललेल्या सेल निवडल्या आणि वाचून घेतल्या तरी पुरतं. सोसायटीच्या उदाहरणात अशा तीनच होत्या : ३०२, ६०२ आणि ६०४.